लॅब टेक्निशियनच्या जागेसाठी अर्ज करण्याआधी अर्धा दिवस काम बघायला मागायचं आहे. कसं मागू?

अबोली_क

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

सहा वर्षांपूर्वी लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा केला. नोकरी मात्र लागली ती लॅबला किट आणि रिएजंट पुरवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात. ऑर्डरी घ्यायच्या, बिलं काढायची, माल पोचला का ते विचारायचं. किटची नावं झोपेतही सांगेन, पण हातात ट्यूब धरून सहा वर्षं झाली.

आता कळलंय की एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलच्या लॅबमधले एक टेक्निशियन दोन-तीन महिन्यांत निवृत्त होताहेत. जाहिरात अजून आलेली नाही, येईल असं वाटतं. अर्ज करायची इच्छा आहे, पण धाकधूकही आहे. कॉलेजात शिकताना जे काम आवडलं होतं तेच तिथे दिवसभर चालतं का, हे मला माहीत नाही. म्हणून अर्ज करण्याआधी अर्धा दिवस तिथल्या कुणाच्या तरी बाजूला उभं राहून काम बघावं असं डोक्यात आहे. शॅडोइंग म्हणतात ते.

प्रश्न असा की हे मागायचं कुणाकडे, कोणत्या शब्दांत, आणि त्यांना 'ही बाई अजून कुंपणावरच बसलीय' असं तर वाटणार नाही ना? कुणी असं मागितलंय का? किंवा कुणाकडे असं कुणी मागायला आलं होतं का?

दोरखंड

अर्ध्या दिवसात काय होणार ताई? सहा महिन्यांची इंटर्नशिप घ्या, हात बसेल, सर्टिफिकेटही मिळेल. माझ्या पुतण्याने तसंच केलं, त्याला तिथेच ठेवून घेतलं.

अबोली_क

दोरखंड, धन्यवाद, पण मला हात बसवायचा नाहीये. घर माझ्या पगारावर चालतं, सहा महिने बिनपगारी परवडणार नाही. काम शिकायचं नाही, नुसतं बघायचं आहे, म्हणजे अर्ज करायचा की नाही ते ठरेल.

टांगलेला बल्ब

एवढा विचार कशाला? तुम्ही त्याच धंद्यात आहात, एखादा टेक्निशियन ओळखीचा असेलच. त्याला फोन करा, 'उद्या सकाळी येते' म्हणा आणि जाऊन बसा. पत्रबित्र पाठवलं की ते चार टेबलांवर फिरतं आणि उत्तर येतं 'नियमात बसत नाही'. मी तीन नोकऱ्या अशाच आधी बघून घेतल्या आहेत. विचारलं की नाही म्हणतात, गेलं की कुणी हाकलत नाही.

काचपट्टी

अबोली, २७ वर्षं लॅबमध्ये काढली, त्यातली शेवटची ११ इन-चार्ज म्हणून. आता घरी आहे, त्यामुळे निवांत लिहितो.

आधी बल्बरावांचं. ओळख वापरायला हरकत नाही, पण ती इन-चार्जचं नाव आणि त्यांना फोन करायची बरी वेळ कळण्यापुरती. आमच्याकडे एका टेक्निशियनने आपल्या आतेभावाला असंच 'सहज' आणलं होतं. पोरगा सेंट्रिफ्यूजच्या शेजारी चपला घालून उभा. नेमकी त्याच सकाळी इन्फेक्शन कंट्रोलची नर्स फेरीवर आली. तिने विचारलं, 'हे कोण?' आतेभावाला काहीच झालं नाही, मेमो मिळाला टेक्निशियनला. तेव्हा जो माणूस तुम्हाला उपकार म्हणून आत घेईल त्याची मान तुम्ही अडकवताय, एवढं लक्षात ठेवा. ऑफिसात जाऊन बसणं वेगळं. लॅबमध्ये उघडी रक्ताची नळी असते आणि प्रत्येक नळीवर कुणाचं तरी नाव असतं.

मागायचं लॅबच्या इन-चार्जकडे. एचआरकडे पहिलं पत्र गेलं तर त्यांना ते नोकरीचा अर्ज वाटतं आणि ते फाइलला लागतं. इन-चार्ज हो म्हणाला की तोच एचआरला आणि इन्फेक्शन कंट्रोलला कळवतो, मग कागद खालून वर जातो आणि अडत नाही. दोन-तीन आठवडे हातात ठेवा.

आता खरा मुद्दा, वेळेचा. बहुतेक जण विचारतात, 'तुमच्या सोयीने कधीही बोलवा.' सौजन्य म्हणून ठीक, पण इन-चार्जच्या सोयीची वेळ म्हणजे दुपारी दोननंतरची. तेव्हा लॅब शांत असते. ॲनलायझर गुणगुणत असतो, कुणीतरी निवांत रजिस्टर लिहीत असतं, मायक्रोस्कोपसमोर एक जण बसून स्मिअर दाखवतो. पाहुणा खूश होऊन जातो, आणि त्याने जे पाहिलं ते त्या नोकरीतलं सगळ्यात सोपं असतं.

तुम्ही सकाळची वेळ मागा, आणि तीही शिफ्ट सुरू होतानाची. आधी यंत्राची देखभाल, मग कंट्रोल लावणं, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना चालवून यंत्र बरोबर आहे ना ते बघणं, ते पास झाल्यावरच पेशंटची सॅम्पल. साडेआठ ते दहा उपाशीपोटीची सगळी सॅम्पल आणि वॉर्डांची सॅम्पल एकदम अंगावर येतात, कारण डॉक्टरांना राउंडच्या वेळी रिपोर्ट हातात हवा असतो. साडेअकराला जरा श्वास घेता येतो. सव्वासात ते साडेअकरा उभं राहिलात तर चढ आणि उतार दोन्ही दिसतील. फक्त सोमवार मागू नका, आठवड्याच्या सुटीचं तुंबलेलं असतं आणि तुम्ही नुसत्या पायात याल.

खिडकीजवळची सीट

काचपट्टी म्हणतात ते शंभर टक्के. माझं क्षेत्र अकाउंट्स, पण गोष्ट तीच. आत्ताच्या नोकरीआधी मी अर्धा दिवस मागितला होता, मिळालाही. महिन्याच्या १४ तारखेला गेले. इतकं शांत वातावरण, हसतखेळत काम, मला वाटलं स्वर्ग आहे. रुजू झाले आणि पहिल्याच महिनाअखेरीला रात्री साडेदहापर्यंत बँकेचा ताळमेळ लावत बसले. सगळे तेच, टेबलं तीच, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी बघितलेली आणि मी करत असलेली नोकरी एकच आहे हे पटायला वेळ लागला. सोडली नाही, चार वर्षं झाली. पण तेव्हा २९ तारीख मागितली असती तर निदान पगाराचं बोलणं वेगळं केलं असतं.

राखाडी

मला हा सगळा प्रकारच पटत नाही. कुणी बघतंय म्हटल्यावर माणसं वेगळी वागतात. अर्ध्या दिवसात दिसतं ते नाटक. शिवाय ज्याच्या बाजूला तुम्ही उभ्या राहणार त्याचा वेग कमी होतो, त्याचं काय? त्याला ना पगार वाढवून मिळतो ना वेळ. फुकटात दुसऱ्याची सकाळ मागतोय आपण.

काचपट्टी

राखाडी, नाटकाचं म्हणाल तर दुपारी होतं, मान्य. सकाळी नऊला नाटक करायला कुणाला फुरसत नसते, पाहुणा आहे हे अर्ध्या तासात विसरायला होतं. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी इन-चार्ज असताना पाहुण्याला नेहमी सॅम्पल घेणाऱ्या टेबलावर आधी उभं करायचो आणि ज्या टेक्निशियनची स्वतःची तयारी असेल त्याच्याचकडे पाठवायचो. सक्तीने कुणाच्या गळ्यात बांधायचं नाही. तरी दहा-पंधरा टक्के वेळ जातोच.

मीनल७८

मी एका हॉस्पिटलच्या एचआरमध्ये आहे (अबोली ज्याबद्दल बोलतेय ते नव्हे, असावं अशी आशा 🙂). दोन गोष्टी सांगते, ज्या वर आल्या नाहीत.

पहिली, जाहिरात. आज जाहिरात निघालेली नाही म्हणून तू मागू शकतेस. एकदा का ती निघाली आणि तू उमेदवार झालीस की निवड समिती अडचणीत येते. एका उमेदवाराला लॅब आतून दाखवली आणि बाकीच्यांना नाही, असं कुणी लिहून दिलं तर आम्हाला उत्तर नसतं. अशा वेळी आम्ही एकतर सगळ्यांना नाही म्हणतो किंवा सगळ्यांसाठी एक ठरावीक सकाळ ठेवतो. म्हणून मागायचं असेल तर आत्ता माग, आणि पत्रात स्पष्ट लिही की पुढे जागा निघाली तर अर्ज करायचा विचार आहे. लपवलंस आणि नंतर कळलं तर वाईट दिसतं.

दुसरी जास्त नाजूक आहे. तू पुरवठादार कंपनीत आहेस. त्या लॅबमध्ये तुमच्या स्पर्धकाचे रिएजंट असतील. फ्रिजवर, फळ्यावर, ऑर्डरच्या वहीत काय काय दिसेल ते बघ. लॅबच्या बाजूने हा प्रश्न येणारच, आणि तुझ्या कंपनीच्या करारातही गोपनीयतेचं किंवा हितसंबंधांचं कलम असू शकतं. ते आधी काढून वाच. माझ्या टेबलावर असं पत्र आलं आणि त्यात नोकरी कुठे करते ते लिहिलेलं नसेल, आणि मला ते बाहेरून कळलं, तर मी तिथेच थांबवेन.

बाकी किरकोळ: गोपनीयतेच्या कागदावर सही घेतील, हिपॅटायटिस बीच्या लशीचा पुरावा मागतील, बंद बूट, केस बांधलेले, फोन लॉकरमध्ये. कशाला हात लावू देणार नाहीत, आणि ते तुझ्याच भल्याचं आहे, सुई टोचली तर तू कर्मचारी नाहीस.

अबोली_क

मीनलताई, ते कलम खरंच निघालं! 'ग्राहक संस्थेत व्यक्तिगत कारणासाठी गेल्यास आधी कळवावे' असं आहे. सुदैवाने ती लॅब आमची ग्राहक नाही, पण आमच्या विक्रीच्या माणसाने दोन वर्षांपूर्वी तिथे चपला झिजवल्या होत्या. आता काय? साहेबांना सांगितलं तर मी नोकरी शोधतेय हे उघड होईल.

मीनल७८

ग्राहक नसेल तर कलमाच्या शब्दांत तू बसत नाहीस असं मला वाटतं. पण मी वकील नाही. सुटीच्या दिवशी किंवा अर्धी रजा टाकून जा, कंपनीच्या वेळेत नको, आणि कंपनीचं आयडी कार्ड घरी ठेव. साहेबांना सांगायचं की नाही हे तूच ठरव.

टांगलेला बल्ब

मी म्हणालो नव्हतो? पत्र लिहायला घेतलं की वकील आलाच. 😀

अबोली_क

मसुदा लिहिलाय. फाडून काढा.

> आदरणीय महोदय, आपल्या नामांकित संस्थेच्या लॅबबद्दल मी खूप ऐकले आहे. मला लॅब क्षेत्राची लहानपणापासून आवड असून मी मेहनती व शिकाऊ वृत्तीची आहे. आपल्या मार्गदर्शनाखाली काही काळ अनुभव घेण्याची संधी मिळाल्यास मी आपली ऋणी राहीन. मी आपल्या सोयीने कोणत्याही दिवशी येऊ शकते. सोबत बायोडेटा जोडला आहे.

काचपट्टी

अबोली, रागावू नका, पण हे पत्र मला आलं असतं तर मी समजलो असतो की नोकरी मागताय, आणि एचआरकडे ढकललं असतं. 'काही काळ अनुभव' म्हणजे एक दिवस की तीन महिने? 'कोणत्याही दिवशी' म्हटलं की दिवस मी शोधायचा, म्हणजे तो कधीच सापडत नाही. बायोडेटा काढून टाका, त्यानेच तो अर्ज होतो.

इन-चार्जला पत्र वाचताना तीनच प्रश्न पडतात. किती वेळ, कुणाला त्रास, आणि काही झालं तर माझ्यावर काय येईल. त्यांची उत्तरं पत्रातच असली की तो 'हो' लिहून मोकळा होतो. 'कशासाठी' हे एका वाक्यात पुरे.

खिडकीजवळची सीट

आणि 'लहानपणापासून आवड' काढ गं. लहानपणी कुणाला सिरमची आवड असते?

मीनल७८

त्यात एक ओळ घाल की 'जमणार नसेल तर पंधरा मिनिटं फोनवर बोललात तरी चालेल.' पूर्ण नाही म्हणणं लोकांना जड जातं, त्यामुळे अर्धं हो तरी येतं. आमच्याकडे अशी किती तरी पत्रं फोनवरच निभावली जातात, आणि खरं सांगायचं तर कधी कधी तेवढंच पुरतं.

अबोली_क

दुसरा प्रयत्न.

> मा. लॅब इन-चार्ज,
>
> मी लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा केला असून गेली सहा वर्षे लॅब रिएजंट पुरवणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयात काम करते. आपली लॅब आमची ग्राहक नाही. मी ही विनंती व्यक्तिगत पातळीवर करत आहे.
>
> मला पुन्हा प्रत्यक्ष लॅबच्या कामाकडे वळायचे आहे. त्याआधी टेक्निशियनची सकाळ कशी असते ते एकदा बघायचे आहे. सकाळी ७.१५ ते ११.३० या वेळेत एक दिवस फक्त उभे राहून बघण्याची परवानगी मिळावी. मी ९, १७ किंवा १८ तारखेला येऊ शकते.
>
> मी कशालाही हात लावणार नाही, फोन बाहेर ठेवीन, रक्त काढण्याच्या खोलीत जाणार नाही. हिपॅटायटिस बीच्या तीनही डोसांचे प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. गोपनीयतेच्या कागदावर सही करीन. कामाचा ताण वाढला आणि आपण सांगितले तर लगेच निघेन. स्टोअर आणि खरेदीच्या नोंदी मला दिसू नयेत अशी व्यवस्था केलीत तर मलाही बरे वाटेल.
>
> पुढे आपल्याकडे जागा निघाल्यास अर्ज करण्याचा माझा विचार आहे, हे आधीच सांगते. या भेटीमुळे त्याबाबत कोणतीही अपेक्षा नाही.
>
> भेट शक्य नसेल तर पंधरा मिनिटे फोनवर बोलता आले तरी उपयोग होईल.

काचपट्टी

आता हे पत्र मी मंजूर केलं असतं. 'स्टोअर दिसू नये' हे वाक्य फार शहाणपणाचं, ते त्यांच्या मनात यायच्या आत तुम्हीच बोललात.

राखाडी

पत्र चांगलं आहे. माझा आक्षेप तसाच आहे.

टांगलेला बल्ब

एवढं लांब पत्र कोण वाचतं हो? पण बघू. उत्तर आलं तर सांगा.

अबोली_क (बारा दिवसांनी)

उत्तर आलं!! नऊ दिवस काहीच नाही, मग मी एक ओळीचं आठवणीचं पत्र टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी इन-चार्जचाच फोन. म्हणाल्या, पत्र त्याच दिवशी वाचलं होतं, इन्फेक्शन कंट्रोलची सही राहिली होती. १७ तारीख मिळाली. लशीचं प्रमाणपत्र आधी पाठवायला सांगितलंय.

आता काचपट्टीकाका, तिथे उभं राहून बघू काय? वही नेऊ का?

काचपट्टी

काका म्हणालात, चला. छोटी वही न्या, पण ती आत टेबलावर ठेवायची नाही, तिथलं टेबल स्वच्छ नसतं असंच धरून चालायचं. मधल्या वेळात बाहेर येऊन लिहा.

यंत्राकडे कमी बघा. यंत्रं तुम्हाला किटमुळे माहीतच आहेत. माणूस दर दहा मिनिटांनी काय करतोय ते बघा. फोन किती वेळा वाजतो, नळी परत का पाठवली जाते आणि परत पाठवताना समोरचा काय बोलतो, कंट्रोल बाहेर गेला तर तो काय करतो. तुम्हाला ज्याची भीती आहे तिथेच उभ्या राहा. तुम्हाला कशाची भीती आहे ते मला माहीत नाही, ते तुम्ही स्वतःला विचारा.

आणि प्रश्न साडेदहाच्या आत विचारू नका. माणूस नळ्या लावत असताना त्याला बोलायला लावलं की क्रम चुकतो, आणि तो क्रम कुणाच्या तरी रक्ताचा असतो.

अबोली_क (१७ तारखेनंतर)

जाऊन आले. पेशंटबद्दल काही लिहिणार नाही आणि खरे आकडेही देणार नाही, सही केली आहे. बाकी सांगते.

सात वाजून दहाला गेटवर. पाहुण्यांचा कोट, टोपी, फोन लॉकरमध्ये. मला एका ताईंच्या बाजूला उभं केलं, त्यांनी स्वतःहून तयारी दाखवली होती असं नंतर कळलं. पहिला पाऊण तास देखभाल, पाणी बदलणं, वेस्टचा डबा, मग कंट्रोल. दोन पातळ्यांपैकी वरच्या पातळीचा एक कंट्रोल आलेखावरच्या तिसऱ्या रेघेच्याही बाहेर गेला. ताईंनी तो परत लावला, पुन्हा बाहेर. मग त्या चाचणीचं कॅलिब्रेशन नव्याने केलं आणि दोन्ही कंट्रोल पुन्हा. ते आत आले तोवर पंचवीस मिनिटं गेली, आणि तेवढ्यात ट्रेमध्ये नळ्यांची रांग वाढतेय, फोन वाजतोय, वॉर्ड विचारतोय, 'रिपोर्ट झाला का?' ताई प्रत्येकाला त्याच आवाजात 'ती चाचणी अजून सोडलेली नाही' सांगत होत्या. मी किटच्या ऑफिसात सहा वर्षं 'लॉटचा काही प्रॉब्लेम आहे का' असे फोन घेते. त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला हे चाललेलं असतं, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट पोटॅशियमची. एका वॉर्डाच्या नमुन्यात पोटॅशियम इतकं वर आलं की माणूस धोक्यात असायला हवा. मला वाटलं आता पळापळ. ताईंनी आधी त्याच नळीचं कॅल्शियम बघितलं, ते तळाला गेलेलं. मग त्याच पेशंटचा कालचा आकडा काढला, तो अगदी सरळ होता. फोन लगेच केलाच, पण सांगितलं असं: 'आकडा असा आलाय, मला नमुन्यावर शंका आहे, पेशंट बघा आणि नवीन नमुना लगेच पाठवा.' पलीकडून आकडा परत म्हणवून घेतला, वेळ आणि नाव लिहिलं. पलीकडची नर्स वैतागली होती हे मला इथे ऐकू आलं. नवीन नमुना वीस मिनिटांत आला, आकडा नेहमीसारखा.

मायक्रोस्कोपसमोर त्या सव्वाचार तासांत ताई किती वेळ बसल्या माहितेय? बारा मिनिटं. मला कॉलेजात तेच सगळ्यात आवडायचं.

काचपट्टी

शाबास, पोटॅशियमचं बरोबर टिपलंत. जांभळ्या टोपणाच्या नळीत जे ईडीटीए असतं ते पोटॅशियमचं मीठ असतं, आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. कुणी जांभळी नळी आधी भरली आणि मग सिरमची, किंवा जांभळ्या नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं, की पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली, अशी जोडी येते. नुसतं हिमोलिसिस झालं असतं, म्हणजे लाल पेशी फुटल्या असत्या, तर पोटॅशियम वाढलं असतं पण कॅल्शियम असं कोसळलं नसतं, आणि सिरम लालसर दिसलं असतं. त्या ताई हुशार आहेत. 'शंका आहे' म्हणतानाही फोन थांबवला नाही, हे महत्त्वाचं, कारण शंभरात एकदा तो आकडा खरा असतो.

मायक्रोस्कोपचं खरं आहे. मोठ्या लॅबमध्ये तर त्यासाठी वेगळा माणूस असतो.

खिडकीजवळची सीट

मग? अर्ज करणार का?

अबोली_क

अजून ठरत नाहीये. मला भीती होती रक्ताची आणि चुकीची. ती कमी झाली. नवीनच निघाली ती फोनची. मी दिवसभर फोनवर असते म्हणून तर ऑफिस सोडायचं होतं, आणि तिथेही फोनच. मी मोजले, साडेआठ ते दहा एकवीस फोन. पण फरक आहे हेही जाणवलं. माझ्या फोनवर मी दुसऱ्याचं उत्तर विचारून सांगते. ताई स्वतःचं सांगत होत्या.

निघताना इन-चार्जना एकच विचारलं, रात्रपाळी किती? म्हणाल्या, महिन्याला सहा ते आठ, आणि रात्री दोनच माणसं.

काचपट्टी

ते मात्र अर्ध्या दिवसात दिसत नाही. रात्री तीनला कंट्रोल बाहेर गेला की बाजूला विचारायला कुणी नसतं. शक्य असेल तर त्या ताईंनाच विचारा, गेल्या दोन महिन्यांचा ड्युटी चार्ट कसा होता. ठरवलेली पाळी आणि प्रत्यक्ष केलेली पाळी यात किती फरक होता ते त्या सांगतील.

राखाडी

आणि त्या ताईंची सकाळ किती लांबली, तेही विचारा.

अबोली_क

विचारलं, राखाडी. म्हणाल्या, नेहमीपेक्षा वीसेक मिनिटं उशीर झाला, पण कॅलिब्रेशनमुळे की माझ्यामुळे ते सांगता येणार नाही. आभाराचं पत्र इन-चार्जना पाठवलं, त्यात ताईंचं नाव लिहून सांगितलं की त्यांनी काय दाखवलं.

मीनल७८

अगदी योग्य केलंस. आता जाहिरात आली तर अर्जात या भेटीचा उल्लेख करणार का? आमच्याकडे यावरून दोन गट आहेत. काही म्हणतात लिहावं, प्रामाणिकपणा दिसतो. मला वाटतं अर्जात नको, मुलाखतीत विचारलं तर सांगावं.

काचपट्टी

मी उलट म्हणेन. मुलाखत घेणाऱ्यांत ती इन-चार्ज बसलेली असणार, तिला सगळं माहीत आहे. तुम्ही गप्प बसलात तर तीच अवघडेल.

टांगलेला बल्ब

बारा मिनिटं मायक्रोस्कोप! मी गेलो असतो तर दुपारी गेलो असतो आणि तेवढंच बघून आलो असतो, हे कबूल करतो. अबोली, जाहिरात निघाली का?

अबोली_क

नाही अजून. त्या ताईंचा ड्युटी चार्ट मिळाला मात्र. इन-चार्ज सहा ते आठ रात्रपाळ्या म्हणाल्या होत्या, ताईंच्या गेल्या महिन्यात अकरा झाल्या आहेत. घरी बोलून बघते.